साठ फॉर्म कॅन्टीनमध्ये भरून घेतले, चालतील का? सोयीस्कर नमुना निवडीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात वाणिज्य शाखेला शिकवते आणि दरवर्षी शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींच्या प्रकल्पांना मार्गदर्शन करते. प्रकल्प लहान असतो. पन्नास-साठ जणांची प्रश्नावली, चाळीसेक पानांचा अहवाल आणि शेवटी तोंडी परीक्षा. एका विद्यार्थिनीशी तीन-चार बैठकांत याच विषयावर बोलणं झालं आणि तिने विचारलेले बहुतेक प्रश्न आधीच्या मुलांनीही विचारले होते. म्हणून ते इथे एकत्र लिहिते आहे. उदाहरणातले आकडे गणित नीट दिसावं म्हणून मी बेतलेले आहेत, पण गोष्ट मात्र दरवर्षी अशीच घडते.

मॅडम, मी साठ फॉर्म भरून घेतलोय. आता विश्लेषणाला सुरुवात करू का?

तिचा विषय होता 'आमच्या महाविद्यालयातील तृतीय वर्ष बी.कॉम.च्या विद्यार्थ्यांचा रोजचा प्रवास आणि त्याचा अभ्यासावर होणारा परिणाम'. विषय चांगला, आणि आमच्याकडे तर हवाच असलेला. निम्म्याहून जास्त मुलं बाहेरगावची. कुणी कागलहून येतं, कुणी पन्हाळ्याच्या बाजूनं, कुणी राधानगरीकडून एसटी धरून.

मी फॉर्मचा गठ्ठा हातात घेतला आणि विचारलं, "कुठं भरून घेतलीस?"

"कॅन्टीनमध्ये, मॅडम. दुपारी दोन-अडीचला. तेव्हा सगळी निवांत असतात. दोन दिवसांत झालं."

आमची लेक्चर्स एकला संपतात. बाहेरगावची मुलं लेक्चर संपलं की बॅग पाठीला लावून थेट स्टँड गाठतात, कारण दीडच्या सुमाराची गाडी चुकली तर पुढचे दोन तास गेले. दोन वाजता कॅन्टीनमध्ये निवांत बसलेलं पोर म्हणजे ज्याला गाडी पकडायची घाई नाही असं पोर. आणि तिचा प्रश्न काय होता? "घरून कॉलेजला यायला किती वेळ लागतो?"

सगळी मेख इथे आहे. ज्या कारणानं माणूस तिच्या हाताशी होता, त्याच कारणानं त्याचं उत्तर ठरत होतं. म्हणून मी तिला विश्लेषणाला लगेच बसू दिलं नाही.

पण सोयीस्कर नमुना निवड ही पुस्तकात दिलेली मान्य पद्धतच आहे ना?

आहे. जे सहज हाताशी सापडतात त्यांनाच विचारायचं, ही ती पद्धत. असंभाव्यता नमुना निवडीच्या, म्हणजे चिठ्ठ्या टाकून किंवा यादृच्छिक क्रमानं न केलेल्या निवडीच्या, प्रकारांत ती पहिलीच असते. पण पद्धतीला नाव आहे म्हणजे ती सगळीकडे लागू पडते असं नाही. अहवालात 'संशोधकाने सोयीस्कर नमुना निवड पद्धतीचा वापर केला' एवढं एक वाक्य टाकलं की काम भागलं, अशी आमच्याकडे समजूत आहे. त्या वाक्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. कोण सोयीचं होतं, कुठे, किती वाजता, आणि त्यामुळे कोण सुटलं, हे कळलं तरच त्या नमुन्याची किंमत ठरवता येते.

ती निवड चालेल की नाही हे ठरवायला मी मुलांना दोन प्रश्न विचारते. पहिला, ही माणसं तुला सहज का सापडली, आणि त्या कारणाचा तुझ्या प्रश्नाशी काही संबंध आहे का? दुसरा, शेवटी तू कोणतं वाक्य लिहिणार आहेस? 'विद्यार्थ्यांचा सरासरी प्रवासवेळ इतका आहे' हे वाक्य सगळ्या विद्यार्थ्यांबद्दल आहे. ते लिहायचं असेल तर ज्यांना विचारलं नाही त्यांच्याबद्दलही आपण बोलतोय, आणि तसा हक्क आपल्याला कुठून मिळाला हे सांगावं लागतं.

नमुना तिरका आहे हे ओळखायचं कसं? नुसत्या अंदाजानं?

अंदाज पहिली शंका घेण्यापुरता. पुढे पुरावा लागतो आणि तो बहुतेक वेळा जवळच असतो. तिला मी कार्यालयात पाठवलं. तृतीय वर्षाच्या चार तुकड्यांच्या यादीत मिळून ३१२ नावं होती. नावं आणि पत्ते घरी आणायचे नाहीत हे मी आधीच सांगितलं होतं. क्लार्कच्या टेबलाजवळ बसून तिनं वहीवर फक्त रेघोट्या मारल्या, शहरातला पत्ता एका बाजूला आणि बाहेरगावचा दुसऱ्या बाजूला, पाच-पाचचे गठ्ठे करत. अर्ध्या तासात आकडा हाती आला: शहरातले १४१, बाहेरगावचे १७१.

तिच्या फॉर्ममध्येही प्रवेशअर्जावरचाच पत्ता विचारला होता, म्हणून तुलना सरळ करता आली. साठ फॉर्ममध्ये शहरातले ४६ आणि बाहेरगावचे फक्त १४.

म्हणजे यादीत शहरातली मुलं शंभरात ४५, आणि तिच्या गठ्ठ्यात शंभरात ७७. ती वहीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, मी तर कुणाला मुद्दाम वगळलो नाही."

खरंच वगळलं नव्हतं. कॅन्टीनच्या वेळेनं ते काम तिच्या नकळत केलं होतं. सोयीस्कर निवडीत लबाडी लागतच नाही, प्रामाणिक माणसाचाही नमुना असाच तिरका होतो. म्हणून आपल्या गठ्ठ्यातली एखादी गोष्ट अशी शोधायची जिचा सगळ्या गटातला खरा आकडा ठाऊक आहे: मुलं-मुली किती, कोणत्या तुकडीचे किती, गावचे किती. ती ताडून बघायची. ती जुळली म्हणून बाकी सगळं जुळेल याची खात्री नसते. पण तीच जुळत नसेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

मग बाहेरगावच्या मुलांच्या उत्तरांना जास्त वजन दिलं तर भागेल का?

हा प्रश्न तिनं स्वतः काढला आणि मला फार बरं वाटलं. आम्ही तिथंच कागदावर करून बघितलं.

गठ्ठ्यातल्या शहरातल्या ४६ जणांचा एका बाजूचा सरासरी प्रवास २० मिनिटं आणि बाहेरगावच्या १४ जणांचा ५५ मिनिटं. सगळे साठ एकत्र धरले की सरासरी येते २८ मिनिटं. हाच आकडा तिच्या अहवालात जाणार होता. आता यादीतलं प्रमाण लावलं:

```
(46 × 20 + 14 × 55) ÷ 60 = 28.2
(141 × 20 + 171 × 55) ÷ 312 = 39.2
```

अकरा मिनिटांचा फरक, तोही एकही नवा फॉर्म न भरता. तिला वाटलं, प्रश्न सुटला.

मी तिला ते चौदा फॉर्म वेगळे काढून पुन्हा वाचायला सांगितले. त्यात पाच मुली अशा निघाल्या की पत्ता गावाचा, पण राहतात राजारामपुरीत खोली घेऊन. त्यांचा प्रवास दहा-पंधरा मिनिटांचा. उरलेल्या बऱ्याच जणांना गावाकडे जायला दर थोड्या वेळाने गाडी मिळते, म्हणून ते कॅन्टीनमध्ये थांबू शकले होते. दूरच्या वाड्यावस्तीवरून येणारं, दिवसातून मोजक्याच गाड्या असलेलं पोर त्या चौदांत जवळपास नव्हतंच. वजन दिल्यानं हाताशी असलेल्या चौदांचा आवाज मोठा होतो. जो आलाच नाही त्याचा आवाज त्यातून निघत नाही.

फॉर्मची संख्या वाढवली तर? साठऐवजी दोनशे केले तर नमुना पक्का होईल ना?

त्याच कॅन्टीनमध्ये त्याच वेळेला दोनशे केले तर चूक तेवढीच राहील. फक्त आकडा मोठा दिसल्यामुळे आपला त्याच्यावरचा विश्वास वाढेल, आणि ते जास्त वाईट.

याचं जगभर शिकवलं जाणारं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १९३६ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकानं सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालानं पाठवल्या आणि वीस लाखांहून जास्त परत आल्या. त्यावरून त्यांनी रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकणार असं छापलं. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांना सुमारे ६१ टक्के मतं पडली आणि लँडन यांच्या वाट्याला दोनच राज्यं आली. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या यादीतून, मोटारींच्या नोंदणीतून. मंदीच्या त्या काळात ज्याच्या घरी फोन आणि दारात गाडी, तो माणूस लँडन यांच्या बाजूचा असण्याची शक्यता जास्त. शिवाय ज्यांना पत्रिका गेली त्यातल्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास लोकांनीच ती परत पाठवली, आणि उत्तर देणारे हे न देणाऱ्यांसारखे नव्हते.

वीस लाख उत्तरांनी जे साधलं नाही, ते आपल्या दोनशे फॉर्मनी साधणार नाही. संख्या वाढवली की योगायोगानं होणारी चढउतार कमी होते. नमुना एका बाजूला झुकलेला असेल तर तो कल तसाच राहतो.

नमुना ३८४ चा हवा असं सीनियरच्या अहवालात वाचलं. आपण तसं का करत नाही?

हा आकडा आमच्याकडे एका अहवालातून दुसऱ्यात उतरत आला आहे, तो कुठून येतो हे क्वचित कुणी विचारतं. तो असा येतो:

```
n = 1.96² × 0.5 × 0.5 ÷ 0.05² = 384.16
```

म्हणजे गट खूप मोठा असेल, आपण टक्केवारी काढणार असू, आणि पाच टक्के इकडेतिकडे चालणार असेल तर ९५ टक्के खात्रीसाठी इतके लोक लागतात. पण या सूत्राच्या पोटात एक अट आहे: निवड यादृच्छिक हवी, म्हणजे गटातल्या प्रत्येकाला निवडलं जाण्याची ठरावीक संधी हवी. ती अट मोडून ३८४ ओळखीचे लोक गोळा केले तर सूत्र लागूच होत नाही. अहवालात नमुन्याचा आकार या सूत्रानं काढायचा आणि पुढच्याच परिच्छेदात सोयीस्कर निवड केली असं लिहायचं, ही विसंगती बहिःस्थ परीक्षक पहिल्या पाच मिनिटांत पकडतात. आणि आपला तर गटच ३१२ जणांचा होता!

यादीतून निवड करायची तर खूप वेळ लागत असेल ना?

तिलाही हीच भीती होती, म्हणून जसं केलं तसं सांगते.

३१२ नावं, आणि तिला झेपतील असे साधारण पन्नास लोक हवे होते. ३१२ भागिले ५२ म्हणजे ६, तेव्हा दर सहावं नाव घ्यायचं ठरलं. सुरुवात कुठून करायची ते आपण ठरवायचं नाही. एक ते सहा आकड्यांच्या चिठ्ठ्या केल्या, एक उचलली, ४ आला. मग ४, १०, १६, २२ असं करत शेवटचा क्रमांक ३१०. चारही तुकड्यांच्या याद्या एकाखाली एक लावल्या होत्या, त्यामुळे प्रत्येक तुकडीतून आपोआप तेरा-चौदा नावं आली. दहा मिनिटांचं काम.

यादी कशी लावली आहे ते आधी बघून घ्यावं. मुली आधी, मुलगे नंतर, किंवा आडनावांच्या क्रमानं असेल तर काही बिघडत नाही. पण यादीत ठरावीक अंतरानं एकसारखी नावं येत असतील, उदाहरणार्थ प्रकल्पाचे सहा-सहा जणांचे गट करून प्रत्येक गटात गटप्रमुख पहिला लिहिला असेल, तर दर सहावं नाव घेताना सगळे गटप्रमुखच हाती लागू शकतात किंवा एकही लागत नाही.

मग सकाळी पहिल्या लेक्चरच्या आधी आणि मधल्या सुट्टीत ती वर्गावर्गात गेली. सकाळची वेळ मुद्दाम घेतली, कारण तेव्हा गावची मुलंही वर्गात असतात. फॉर्म भरायला चार मिनिटं लागत होती. पाच दिवसांत ४१ झाले.

निवडलेला विद्यार्थी सापडलाच नाही तर शेजारी बसलेल्याचा फॉर्म घेऊ का?

नको. इथेच चांगली निवड पुन्हा सोयीची होऊन बसते. जो वारंवार गैरहजर असतो तो बहुधा लांबून येणारा, किंवा दुपारनंतर दुकानात कामाला जाणारा. त्याच्या जागी नियमित येणारा घेतला की आपण परत कॅन्टीनमध्ये पोचलो. वेगवेगळ्या दिवशी तीनदा जायचं, वर्गप्रतिनिधीकडून निरोप द्यायचा, आणि तरीही जमलं नाही तर 'प्रतिसाद नाही' अशी नोंद करायची. तिनं तसं केलं आणि आणखी सहा मिळाले. एकूण ४७, राहिले पाच. पाचपैकी चौघे बाहेरगावचे होते, हेही तिनं अहवालात लिहिलं.

या ४७ जणांचा सरासरी प्रवास निघाला ४६ मिनिटं. कॅन्टीनमधला आकडा २८ होता. वजन देऊन आलेला ३९. आणि यादीतल्या फॉर्ममध्ये रोज पहाटे साडेपाचला घर सोडणाऱ्या दोन मुली होत्या, ज्या कॅन्टीनच्या गठ्ठ्यात कधीच आल्या नसत्या. तिच्या विषयात सगळ्यांत महत्त्वाचं सांगण्यासारखं त्यांच्याकडेच होतं.

४७ जणांवरून काढलेली टक्केवारी साधारण १३ टक्के इकडेतिकडे असू शकते. हा पल्ला मोठा आहे आणि तो लपवायचा नाही. पण हा पल्ला आपल्याला सांगता तरी येतो. कॅन्टीनच्या साठ फॉर्मबाबत तोही सांगता येत नाही.

गूगल फॉर्मची लिंक ग्रुपवर टाकली तर सगळ्यांनाच संधी मिळते ना?

लिंक सगळ्यांना जाते, भरतात मात्र ज्यांना भरावीशी वाटते ते. प्रवासाचा जाच होणारा एखादा रागानं भरेल, एखादा एसटीत उभा असल्यामुळे राहून जाईल, आणि तुझ्या मैत्रिणी तुझ्यासाठी भरतील. निवडलेल्या ५२ जणांनाच वैयक्तिक लिंक पाठवलीस तर काहीच हरकत नाही. फॉर्म कागदावर आहे की मोबाइलवर यानं फरक पडत नाही. कुणाला विचारायचं हे कुणी ठरवलं, यानं पडतो.

मग सोयीस्कर निवड कधीच चालत नाही का?

चालते, आणि काही ठिकाणी तीच योग्य असते.

प्रश्नावली तपासायला ती उत्तम. तिच्या प्रश्नावलीत 'प्रवासाला किती वेळ लागतो?' असं होतं. मैत्रिणींनी भरताना कुणी जायचा-यायचा धरला, कुणी एकाच बाजूचा, कुणी स्टँडवर गाडीची वाट बघण्याचा वेळ सोडून दिला. हे समजायला हाताशी असलेल्या दहा जणी पुरतात. मग प्रश्न बदलला: 'घरातून निघाल्यापासून वर्गात पोचेपर्यंत, एका बाजूचा, किती मिनिटं?'

तुलनेचा प्रश्न असेल तरी बऱ्याचदा चालते. एकाच माहितीपत्रकाचे दोन नमुने कोणाला जास्त नीट समजतात हे बघायचं असेल, तर कॅन्टीनमधलीच मुलं घे, पण कोणाला कोणतं पत्रक द्यायचं ते नाणं उडवून ठरव. दोन्ही बाजूंना सारखीच मुलं गेली की पत्रकांतला फरक खरा मानता येतो. तो कॅन्टीनबाहेरच्यांनाही तसाच लागू होईल असं मात्र म्हणता येत नाही.

आणि जिथे यादीच नाही तिथे पर्याय कमी असतात. आमच्या एका मुलाला चप्पल लाइनमध्ये कोल्हापुरी घेणाऱ्या गिऱ्हाइकांना विचारायचं होतं. गिऱ्हाइकांची यादी कुठून आणणार? पण तिथंही जो हसून बोलेल त्याला गाठायचं असं नाही. त्याला मी दिवस आणि तास आधी ठरवायला लावले: एक साधा दिवस, एक रविवार, आणि एक मंगळवार किंवा शुक्रवार, कारण त्या दिवशी अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्यांमुळे बाजारातली माणसंच बदलतात. दुकानातून बाहेर पडणारं दर पाचवं गिऱ्हाईक, आणि नाही म्हणणाऱ्यांचीही मोजणी. हे पूर्ण यादृच्छिक नाही. तरी निवड त्याच्या लाजेवर किंवा ओळखीवर राहिली नाही.

सोयीस्कर नमुन्यावर काय-स्क्वेअर चाचणी लावू का? मार्गदर्शिकेत चाचणी हवीच असं लिहिलंय.

लावता येते, संगणक अडवणार नाही. पण 'फरक सार्थ आहे', म्हणजे तो निव्वळ योगायोगाचा नाही, हे उत्तर निवड यादृच्छिक होती असं गृहीत धरून दिलेलं असतं. म्हणून अशा नमुन्यावर चाचणी केलीच तर ते 'या साठ जणांमध्ये दिसलेला कल' म्हणून मांडावं आणि तक्ता आधी द्यावा. तक्ता नीट वाचला तर पदवीच्या प्रकल्पात तेवढं पुरतं असं माझं स्पष्ट मत आहे.

फॉर्म सोयीनंच भरून झालेत आणि सादर करायला चार दिवस आहेत. आता काय करू?

दर वर्षी निम्मी मुलं या अवस्थेत येतात. नवे फॉर्म घरी बसून भरू नकोस, ही पहिली गोष्ट. ते खोटं ठरतं, आणि एकाच हातानं भरलेले फॉर्म वाचणाऱ्याला ओळखूही येतात.

त्याऐवजी अर्धा दिवस कार्यालयात जाऊन गटाचं खरं प्रमाण मोजून आण आणि आपल्या नमुन्याशेजारी मांड. मग शीर्षक आणि निष्कर्ष यांतले शब्द बदल. 'महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा सरासरी प्रवासवेळ २८ मिनिटे आहे' हे खोडून टाक. मर्यादांच्या परिच्छेदात साधारण असं लिही:

'प्रस्तुत माहिती दोन दिवस दुपारी २ ते २.३० या वेळेत महाविद्यालयाच्या कॅन्टीनमध्ये उपस्थित असलेल्या ६० विद्यार्थ्यांकडून घेतली आहे. यादीनुसार बाहेरगावचे विद्यार्थी ५५ टक्के असून या नमुन्यात ते २३ टक्के आहेत. लेक्चर संपताच गावी परतणारे विद्यार्थी यात आलेले नाहीत. त्यामुळे येथे दिलेला प्रवासवेळ सर्व विद्यार्थ्यांच्या प्रवासवेळेपेक्षा कमी असण्याची शक्यता आहे.'

या शेवटच्या वाक्यात चूक कोणत्या दिशेला आहे ते सांगितलं आहे. 'नमुना लहान असल्याने निष्कर्षांना मर्यादा आहेत' या नेहमीच्या वाक्यातून ते कधीच कळत नाही. आणि हाताशी एक सकाळ उरली असेल तर पहिल्या लेक्चरच्या आधी वर्गाच्या दारात उभी राहा आणि एसटीनं येणाऱ्या पाच-सहा जणांशी नीट बोल. ते साठांत मिळवायचं नाही. 'नमुन्यात न आलेल्या विद्यार्थ्यांशी झालेला संवाद' असा वेगळा मथळा देऊन दोन पानं लिहायची.